बराबरच्या गुहेतला खरवडलेला शब्द – आजीविक नक्की कोण होते?

पायपीट

मंडळी, गेल्या डिसेंबरात बोधगयेला गेलो होतो. तिथून एक दिवस काढून बराबरच्या गुहा बघितल्या. (जहानाबाद जिल्हा, गयेहून गाडीने तासा-दीड तासात पोचतो.) आपल्याला अजिंठा-कार्ल्याची सवय, त्यामुळे आधी वाटलं हे काय, नुसते भोपळ्यासारखे काळे धोंडे. पण सुदामा गुहेत शिरलो आणि टॉर्च भिंतीवर मारली तर समोर मीच दिसायला लागलो राव. ग्रॅनाइट आहे, बेसॉल्ट नाही, आणि त्याला असं घासलंय की बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटतं. आत एक लांबट खोली आणि तिच्या टोकाला एक गोल खोली, तिचं छप्पर गवताच्या झोपडीसारखं. आतमध्ये खोकलो तर तो खोकला पाच-सहा सेकंद गुहेत फिरत राहिला, बायको दचकून बाहेरच गेली.

दाराशी ब्राह्मी लेख आहे. बरोबरच्या माणसाने सांगितलं की राजा पियदसीनं, म्हणजे अशोकानं, राज्याभिषेकाला बारा वर्षं झाल्यावर ही "निगोह" म्हणजे वडाची गुहा आजीविकांना दिली. तिथे राजाला "लाजा" लिहिलंय ते बघून मजा वाटली. पण खरी गंमत पुढे. "आजीविक" हा शब्द जिथे आहे तेवढाच भाग कुणीतरी छिन्नीने खरवडलाय, बाकी लेख ठीकठाक. खरवडूनही शब्द लागतो, म्हणजे पूर्ण गेला नाहीये.

घरी आल्यावर थोडं वाचलं. हे लोक म्हणायचे की सगळं नियतीनं ठरलेलं आहे, माणसाच्या प्रयत्नानं काडीचाही फरक पडत नाही. आणि तेच लोक नागडे राहायचे, उपास करायचे, भयंकर तप करायचे. मला हे झेपलंच नाही. सगळं ठरलेलंच आहे तर तप कशाला? घरी बसून पुरणपोळी खावी की. आणि तो शब्द खोडला कुणी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मंगलाताई_शेवगाव

शीर्षक बघून मला वाटलं आजीविका म्हणजे बचत गटाचा धागा आहे, आमच्या गटाचं कर्ज प्रकरण अडकलंय म्हणून घाईघाईने उघडला 😀 असो, गुहा छान दिसतायत. शब्द तोच आहे का पण? आजीविका म्हणजे पोटापाण्याचा धंदा ना?

जीर्णपोथी

मंगलाताई, तुमचा प्रश्न वाटतो तितका चुकलेला नाही. शब्द त्याच मुळाचा आहे. आजीव म्हणजे जगण्याची रीत, पोटाची सोय. हे नाव त्यांनी स्वतः घेतलं की "हे नुसते पोटभरू साधू" असं विरोधकांनी चिकटवलं, यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय. अशोक मात्र सरकारी दानलेखात तोच शब्द वापरतो, म्हणजे तोवर तरी ती शिवी राहिली नव्हती.

पायपीट, आधी एक गोष्ट लक्षात घ्या, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होईल. आजीविकांचं स्वतःचं एकही पुस्तक उरलेलं नाही. जे काही कळतं ते बौद्धांच्या पाली ग्रंथांतून, जैनांच्या प्राकृत आगमांतून आणि नंतरच्या तमिळ ग्रंथांतून, म्हणजे सगळं प्रतिस्पर्ध्यांकडून. भावकीच्या भांडणात एकाच बाजूची कैफियत हातात यावी तसं आहे हे. त्यांचा मोठा गुरू मक्खली गोसाल, बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन. बौद्धांच्या टीकाग्रंथात त्याची गोष्ट अशी की हा नोकर होता, तेलाचं भांडं घेऊन चिखलातून चालला होता, मालक ओरडला "मा खलि", म्हणजे घसरू नको रे, आणि हा घसरला. पळायला लागला तर मालकानं वस्त्र धरलं, ते त्याच्या हातात सोडून हा नागडाच पळाला आणि म्हणून नागडा साधू झाला. जैन आगमात वेगळंच, तिथे बाप "मंख" म्हणजे चित्रं दाखवत गावोगाव हिंडणारा, आणि पोरगा गोठ्यात जन्मला म्हणून गोशाल. दोन्हीकडे हेतू एकच, माणूस हलक्यातला होता हे ठसवायचं.

दर्यावर्दी

चित्रं दाखवत हिंडणारा म्हणजे आमच्या पिंगुळीचे चित्रकथीच की! सिंधुदुर्गात अजून आहेत. भारी.

नेटका_संसार

तपाचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे ८४ लक्ष योनी म्हणतात ना, ते मूळ आजीविकांचंच. ८४ लक्ष जन्म फिरल्याशिवाय सुटका नाही हे त्यांचं मत, तेच पुढे हिंदू धर्मात आलं. आणि तप केल्यानं तो आकडा कमी होतो म्हणून ते तप करायचे. शब्द खोडला बौद्धांनी, कारण अशोक बौद्ध झाल्यावर त्याला पश्चात्ताप झाला असणार की आपण चुकीच्या लोकांना गुहा दिल्या.

जीर्णपोथी

संसारराव, निम्मं बरोबर, निम्मं उलटं 🙂

८४ लाख हा आकडा आहे, पण योनींचा नाही. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू बुद्धाला सांगतो की मी यापूर्वी सहा गुरूंकडे जाऊन आलो, त्यात गोसालचं म्हणणं येतं. त्यात मुख्य योनी आहेत १४ लाख ६ हजार ६ शे, आणि ८४ लाख आहेत महाकल्प. शहाणा असो की मूर्ख, सगळ्यांना ते ८४ लाख महाकल्प फिरायचेच आहेत, मग दुःखाचा शेवट. आपल्या ८४ लक्ष योनींशी याचं काही नातं असेलही, पण हे तिथूनच आलं असं ठामपणे कुणी सांगू शकत नाही.

आणि तपानं आकडा कमी होतो हे तर गोसालच्या नेमकं विरुद्ध आहे. त्याच उताऱ्यात तो म्हणतो की व्रतानं, तपानं, ब्रह्मचर्यानं मी न पिकलेलं कर्म पिकवीन किंवा पिकलेलं भोगून संपवीन, असं होत नाही. सुख-दुःख मापानं मोजून दिलंय, त्यात वाढ नाही की घट नाही. मग दाखला देतो सुताच्या गुंडीचा. गुंडी फेकली की ती उलगडत जाते, सूत जेवढं आहे तेवढंच जाणार, आणि संपलं की थांबणार. मध्ये कुणी ओढून लवकर संपवू शकत नाही.

अशोकाच्या पश्चात्तापाचं म्हणाल तर त्यानं आजीविकांना गुहा दिल्या तेव्हा तो बौद्ध झालेलाच होता. दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात जो स्तंभ आहे त्यावर सातव्या लेखात, अभिषेकानंतरच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो स्वतः सांगतो की माझे धम्ममहामात्र, म्हणजे धर्माचं बघणारे अधिकारी, बौद्ध संघाचं बघतात, ब्राह्मण आणि आजीविकांचं बघतात, निर्ग्रंथांचं म्हणजे जैन साधूंचंही बघतात. त्याच्या नातवानं, दशरथानं तर गादीवर बसल्या बसल्या शेजारच्या नागार्जुनी टेकडीवरच्या तीन गुहा त्यांनाच दिल्या, "चंद्र-सूर्य असेतोवर".

एक्सेल_शीट

महाकल्प म्हणजे किती हे कुठे दिलंय का? डोक्यात किडा शिरला.

जीर्णपोथी

दिलंय, पण जैनांच्या भगवतीसूत्रात, पंधराव्या शतकात. (शतक म्हणजे तिथे प्रकरण, शंभर वर्षं नव्हे.) एक गंगा धरा, तिच्या सातपट दुसरी, तिच्या सातपट तिसरी, असं सहा वेळा. त्या सगळ्यात मोठ्या गंगेची वाळू दर शंभर वर्षांनी एक कण अशी काढत जायची. ती संपेल तेव्हा एक "सर". असे तीन लाख सर म्हणजे एक महाकल्प. ग्रंथात १ लाख १७ हजार ६४९ गंगा असा आकडा दिलाय.

एक्सेल_शीट

७ चा सहावा घात = १,१७,६४९. केला आत्ताच. बरोबर आला. अडीच हजार वर्षांपूर्वी नागडे फिरणारे लोक घातांक करत होते आणि मला ऑफिसात पिव्होट टेबल जमत नाही.

पायपीट

जीर्णपोथी काका, हे सगळं भन्नाट आहे, पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. तपानं काही होत नाही हे ते स्वतःच म्हणतात, मग करायचे का?

जीर्णपोथी

येतो त्यावर. मला पटलेलं उत्तर असं. आंबा पिकायला लागला की देठापाशी पिवळा होतो. आता पिवळा झाला म्हणून पिकला का? नाही, पिकत आला म्हणून पिवळा झाला. त्यांच्या दृष्टीनं तप म्हणजे तो पिवळेपणा. ज्याची गुंडी संपत आली, जो शेवटच्या काही जन्मांत आहे, तो आपोआप घर सोडतो, कपडे सोडतो, उपास करतो. अंगुत्तरनिकायात माणसांचे सहा रंग सांगितलेत, काळा, निळा, तांबडा, पिवळा, पांढरा आणि परम पांढरा. काळ्यात खाटीक-पारधी. बौद्ध भिक्षू निळ्यात! एक वस्त्र नेसणारे निर्ग्रंथ तांबड्यात. पिवळ्यात नागड्या साधूंचे पांढऱ्या कपड्यातले संसारी भक्त, म्हणजे हे गृहस्थ बौद्ध भिक्षूंच्याही दोन पायऱ्या वर. पांढऱ्यात आजीविक साधू-साध्वी, आणि सगळ्यात वर फक्त तीन माणसं, नंद वच्छ, किस संकिच्च आणि मक्खली गोसाल. (तिथे हे मत त्या सहा गुरूंपैकीच एक असलेल्या पूरण कस्सपाच्या नावावर आहे, पण यादी बघता माल आजीविकांचाच.) म्हणजे तप ही पायरी चढण्याची शिडी नाही, तुम्ही कुठल्या पायरीवर आहात त्याची ती खूण आहे.

देवगडची_पेटी

पोथीकाका, आंब्याच्या गावात राहून हे ऐकून घेणं अवघड आहे. कच्चा काढून अढीत घातला की पिकतो, पेंढा चांगला असेल तर आठ-दहा दिवसांत. कार्बाइड लावणारे तर दोन-तीन दिवसांत पिवळा करतात, आत दगड असतो ते सोडा. म्हणजे बाहेरून काहीतरी करून पिकवता येतोच की!

जीर्णपोथी

दंडवत घ्या 🙏 आणि जैनांचं म्हणणं नेमकं हेच! अढी म्हणजे तप. तपानं कर्म वेळेआधी पिकवून झाडून टाकता येतं, त्याला ते निर्जरा म्हणतात. गोसाल आणि महावीर वेगळे झाले ते इथेच. दोघंही नागडे, दोघंही उपाशी, लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही, पण एक म्हणतो मी आंबा पिकवतोय आणि दुसरा म्हणतो तो पिकतोय. तुम्ही गोसालला अढीचं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता की तुम्ही अढीत घालणार हेसुद्धा ठरलेलंच होतं. कार्बाइडवर काय म्हणाला असता माहीत नाही.

तिरकस_वाचक

थोडा विरोध नोंदवतो. हे "तप म्हणजे लक्षण" प्रकरण फार गुळगुळीत वाटतं, नंतर बसवलेलं. काही अभ्यासक म्हणतात की नियतीवाद हा त्यांच्या मताचा गाभा नव्हताच, विरोधकांनी तो फुगवला. पाणिनीच्या व्याकरणावरचं पतंजलीचं महाभाष्य बघा, मस्करी या शब्दावर. पाणिनीनं तो परिव्राजकासाठी सांगितलाय आणि बहुतेक लोक तो मक्खलीशीच जोडतात. पतंजली म्हणतो, हातात मस्कर म्हणजे बांबू असतो म्हणून तो मस्करी नव्हे, तर तो सांगतो "मा कृत कर्माणि, मा कृत कर्माणि, शान्तिर्वः श्रेयसी", कर्मं करू नका, शांत राहणंच तुमच्यासाठी बरं. यात नियतीचा न सुद्धा नाही. हा सरळ उपदेश आहे, करू नका. आणि सगळं ठरलेलंच आहे असं मानणारा माणूस "करू नका" तरी कशाला सांगेल? मग त्यांचं तप म्हणजे हालचाल थांबवण्याचा सराव होता असंही म्हणता येतं.

जीर्णपोथी

मुद्दा वजनदार आहे. "करू नका" हे नियतीवादात बसवता येतं, पण ओढून-ताणून बसवावं लागतं, मान्य. पण सामञ्ञफलात आणि जैन आगमात दोन्हीकडे "बळ नाही, वीर्य नाही, पुरुषाचा पराक्रम नाही" ही ओळ जवळपास त्याच शब्दांत येते. बौद्ध आणि जैन एकमेकांची पोथी बघून खोटं लिहीत होते असं मला वाटत नाही. त्यामुळे ती ओळ त्यांचीच असावी.

चाक_आणि_माती

मी इथे फारसा लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही कुंभार. आजोबांपर्यंत घरात चाक होतं, वडील एसटीत लागले. लहानपणी एका जैन शेजाऱ्यांकडे एका कुंभाराची गोष्ट ऐकली होती, तो आधी दुसऱ्या पंथाचा असतो आणि महावीर त्याला विचारतात की हे मडकं प्रयत्नानं झालं का. तो याच आजीविकांचा का? नाव आठवत नाही.

जीर्णपोथी

तोच! सद्दालपुत्त, पोलासपूरचा. उवासगदसाओ नावाच्या आगमात सातव्या प्रकरणात आहे. आणि तुमच्यासारखा माणूस धाग्यावर आला म्हणजे सगळं सांगतोच.

हा सद्दालपुत्त आजीविकांचा गृहस्थ भक्त, तीन कोटी सोन्याचा धनी, गावाबाहेर मातीच्या भांड्यांची पाचशे दुकानं. (म्हणजे कुंभार म्हटलं की गरीब असं डोळ्यांसमोर आणू नका.) एकदा तो कच्ची भांडी उन्हात ठेवत असतो. महावीर विचारतात, हे भांडं कसं होतं रे? तो सांगतो, आधी माती असते, ती पाण्यात भिजवतात, मग राख आणि शेण मिसळतात, मग चाकावर चढवतात, मग भांडी होतात. महावीर विचारतात, हे प्रयत्नानं होतं की प्रयत्नाशिवाय? आता तो पक्का आजीविक. म्हणतो, प्रयत्नाशिवाय, सगळं ठरलेलं आहे. मग महावीर म्हणतात, समजा कुणी तुझी भांडी चोरली, फोडली, किंवा तुझ्या बायकोवर, अग्गिमित्तेवर हात टाकला, तर तू काय करशील? तो भडकून म्हणतो, शिव्या देईन, बांधीन, मारीन, जीवच घेईन. महावीर म्हणतात, पण प्रयत्न असं काही नाहीच तर ना कुणी तुझी भांडी चोरतो, ना तू कुणाला मारतोस. आणि चोर खराच चोरतो आणि तू खराच मारतोस, तर मग सगळं ठरलेलं आहे हे म्हणणं खोटं. झालं, सद्दालपुत्त महावीरांचा भक्त झाला. पुढे खुद्द गोसाल त्याला परत फिरवायला येतो, महावीरांचीच स्तुती करत बोलणं काढतो. सद्दालपुत्त त्याला राहायला जागा देतो, पण वर सांगतो की ही तू माझ्या गुरूची स्तुती केलीस म्हणून, धर्म समजून नाही.

चाक_आणि_माती

अहो राख आणि शेण! आमच्याकडे अगदी तेच, फक्त शेणाऐवजी घोड्याची लीद. तळ्याची काळी माती आणायची, चाळायची, दोन दिवस भिजत घालायची, मग त्यात चाळलेली राख आणि लीद टाकून पायानं तुडवायची. तुडवायला आम्हा पोरांना लावायचे. लीद कशाला तर त्यातले गवताचे बारीक तुकडे भाजताना जळून जातात आणि तिथे बारीक भोकं राहतात, त्यातून पाणी पाझरतं म्हणून माठ गार होतो. आणि नुसती चिकट माती असेल तर सुकतानाच तडकते, राखेनं ती जरा मोकळी होते.

पण मला त्या कुंभाराचं पहिलं उत्तर पटतं हो. तुम्ही सगळे चाकाकडे बघताय, खरी परीक्षा आव्यात असते. मडकी रचायची, मध्ये गोवऱ्या, वर पालापाचोळा, त्यावर मातीचा लेप, आणि संध्याकाळी आग द्यायची. एकदा लेप बसला की आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. आजोबा म्हणायचे, लावणं आपलं, भाजणं त्याचं. सकाळी उघडायचे तेव्हा एकेक मडकं बोटानं वाजवायचे, ठण्ण वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना न दिसणारा. शंभरातली दहा-पंधरा तरी जायचीच. काही तर चांगली निघायची आणि विकल्यावर आठ दिवसांनी टवका उडायचा, कारण मातीत चुनखडीचा बारका खडा राहिलेला असतो, तो भाजून निघतो आणि मग ओल लागली की फुगतो. गिऱ्हाईक येऊन भांडायचं. दोन्ही भावांनी एकाच मातीचं, एकाच आव्यात लावलेलं, एकाचं निघालं, दुसऱ्याचं गेलं. असा धंदा करणारा माणूस नियती मानणार नाही तर काय!

तिरकस_वाचक

प्रतिसाद प्रचंड आवडला. आणि यावरून एक कळलं, गोसालचा श्रावस्तीतला मुक्कामही हालाहला नावाच्या कुंभारणीच्या दुकानातच होता ना? औपपातिक नावाच्या आगमात आजीविकांचे प्रकार दिलेत त्यातही मोठ्या रांजणात बसून तप करणारे आहेत. कुंभार आणि हा पंथ यांचं काहीतरी घट्ट होतं.

बाकी त्या वादात महावीरांचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, भावना दुखवायच्या नाहीत. नियतीवादी सरळ म्हणेल, चोर चोरणार हेही ठरलेलं, मी त्याला बडवणार हेही ठरलेलं. सद्दालपुत्तला हे सुचू नये? कुंभाराच्या तोंडचं उत्तर कोण लिहितंय ते बघा.

सांगलीकर_पाटील

मी जैन आहे म्हणून लिहितो. भावना वगैरे दुखावल्या नाहीत, पण एक लक्षात घ्या की "जैन ग्रंथ" म्हणून जे सांगताय ते श्वेतांबर आगम आहेत. आम्ही दिगंबर, आमच्याकडे ते आगम प्रमाण मानत नाहीत. आमच्याकडच्या दर्शनसारात मस्करी-पूरण म्हणून एकच नाव येतं आणि तो पार्श्वनाथांच्या परंपरेतला मुनी होता असं आहे. म्हणजे महावीरांबरोबर गोसाल सहा वर्षं हिंडला ही गोष्ट आमच्या घरात मी कधी ऐकली नाही.

आणि युक्तिवाद लंगडा नाही. सद्दालपुत्तला उत्तर सुचलं नाही असं नाही, तो भडकला हेच उत्तर आहे. खरंच सगळं ठरलेलं मानणारा माणूस बायकोवर हात टाकणाऱ्याला "जीव घेईन" असं कशाला म्हणेल? तोंडानं एक आणि रक्तात दुसरं, हे महावीरांनी त्याला दाखवलं.

नेटका_संसार

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. आणि सटवाई कपाळावर लिहिते ते पण आजीविकांकडूनच आलं असणार.

तिरकस_वाचक

संसारराव, प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून नका आणू हो 😀 आणि ती म्हण तर गोसालला अजिबात चालली नसती. देतंही दैव, नेतंही दैव, कर्माचा संबंधच नाही हे त्याचं म्हणणं.

पायपीट

हे सहा वर्षं बरोबर हिंडले वगैरे काय आहे? आणि मग फाटलं कशावरून?

जीर्णपोथी

पाटीलसाहेब म्हणतात ते बरोबर, हे भगवतीसूत्रातलं, म्हणजे श्वेतांबरांकडचं.

दोघं वाटेनं चाललेले असतात. वाटेत तिळाचं रोप दिसतं. गोसाल विचारतो, याला तीळ धरतील का? महावीर म्हणतात, धरतील, या सात फुलांचे जीव एकाच शेंगेत सात तीळ होऊन येतील. गोसाल मुद्दाम मागे राहतो आणि ते रोप मुळासकट उपटून फेकतो, महावीरांना खोटं पाडायला. नंतर पावसाची सर येते, रोप पडल्या जागीच मूळ धरतं. परत येताना गोसाल शेंग फोडून बघतो तर तीळ सात! यावरून तो काढतो काय, तर सगळेच जीव असे पुन्हा उठतात, आणि उपटणाऱ्याच्या हातात काही नाही. हा बाणा घेऊन तो वेगळा झाला. माझ्या मते ही गोष्ट लिहिणाऱ्याला जैनांचीच बाजू मांडायची आहे, पण नकळत तिनं नियतीवादाची सगळ्यात सुंदर बाजू सांगितली आहे.

शेवट मात्र भयंकर आहे. बऱ्याच वर्षांनी श्रावस्तीत दोघं समोरासमोर येतात. गोसाल तपाच्या तेजाची आग महावीरांवर सोडतो, त्याआधी त्यांचे दोन शिष्य त्यात जळालेले असतात, पण ती महावीरांना लागत नाही, उलटून त्याच्याच अंगात शिरते. सात दिवस तो हालाहलेच्या दुकानात तापानं फणफणत पडतो, हातात आंब्याची कोय, गातो, नाचतो, मडक्याच्या चिखलाचं गार पाणी अंगावर शिंपडून घेतो. मरताना, म्हणे, त्याला पश्चात्ताप होतो आणि तो शिष्यांना शपथ घालतो की माझ्या डाव्या पायाला दोरी बांधा, तोंडावर तीनदा थुंका आणि श्रावस्तीच्या रस्त्यांतून ओढत न्या, मी खोटा होतो असं ओरडत. आता शिष्यांची पंचाईत. गुरूची आज्ञा तर मोडायची नाही, आणि करायचं तर पंथाचं नाक कापलं जाणार. मग ते दुकानाचं दार आतून लावतात, जमिनीवर श्रावस्तीचा नकाशा काढतात आणि त्या नकाशातून हळू आवाजात ओरडत प्रेत ओढतात. मग दार उघडून थाटात अंत्ययात्रा काढतात.

मंगलाताई_शेवगाव

अगं बाई. जमिनीवर नकाशा! डोळ्यांसमोर आलं ते बंद दुकान. पण मला एक सांगा, दार आतून लावलेलं होतं तर ही गोष्ट जैनांना कळली कुणाकडून?

तिरकस_वाचक

मंगलाताईंनी एका वाक्यात सगळा ऐतिहासिक चिकित्साशास्त्राचा वर्ग घेतला. टाळ्या.

सांगलीकर_पाटील

केवलज्ञान, म्हणजे सगळं जाणणारं ज्ञान असल्यावर दाराचं काय अडणार 🙂 पण एक राहिलं, त्याच ग्रंथात गोसाल मेल्यावर पश्चात्तापामुळे बाराव्या स्वर्गात जातो आणि पुढे कितीतरी जन्मांनी मोक्षालाही जातो असं आहे, म्हणजे पार टाकून दिलेला नाही त्याला. (आमचा ग्रंथ नसला तरी वाचला आहे.)

पायपीट

आता शेवटचं, तो शब्द खोडला कुणी?

जीर्णपोथी

संशयित दोन आहेत. पहिला मौखरी राजा अनंतवर्मन, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला. त्यानं बराबरच्या लोमस ऋषी गुहेत कृष्णाची आणि नागार्जुनीच्या दोन गुहांत शिव आणि देवीच्या मूर्ती बसवल्या, तसे लेखही आहेत. जुने मालक नकोत म्हणून नाव खोडलं, असं एक मत. अडचण अशी की तोवर अशोकाची ब्राह्मी वाचणारं कुणी उरलं होतं का? पायपीट, तुम्ही स्वतः बघितलंत, नेमका तेवढाच शब्द खरवडलाय. म्हणजे छिन्नी धरणाऱ्याला किंवा त्याला दाखवणाऱ्याला अक्षरं लागत होती. सातशे वर्षांनंतर हे अवघड आहे.

दुसरा कलिंगचा खारवेल, तो जैनांचा आश्रयदाता. हाथीगुंफेतल्या लेखात तो राज्याच्या आठव्या वर्षी गोरथगिरीवर चाल केल्याचं सांगतो, आणि गोरथगिरी हे नाव बराबरच्याच डोंगरात खडकावर कोरलेलं सापडलंय. काळही अशोकाच्या जवळचा, लिपी वाचता येणारा. पण सैन्य घेऊन आलेला राजा गुहेच्या दाराशी थांबून एक शब्द खोडत बसेल का, हे तुम्हीच ठरवा.

तिरकस_वाचक

आणि खोडायचंच होतं तर इतकं अर्धवट का, की आजही वाचता यावा? मला तर एखाद्या स्थानिक साधूचं काम वाटतं, ज्याला गुहा हवी होती.

एक्सेल_शीट

पण मग हे लोक संपले कधी? खोडल्यावर लगेच?

जीर्णपोथी

छे. उत्तरेत कमी झाले तरी वराहमिहिर सहाव्या शतकात बृहज्जातकात संन्याशांच्या प्रकारांत त्यांना मोजतो. दक्षिणेत तर फार पुढेपर्यंत टिकले. मणिमेकलै आणि नीलकेशी या तमिळ काव्यांत त्यांच्याशी वाद आहेत. तमिळ शिलालेखांत तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत एक कर येतो, तो आजीविकांवरचा होता असं इतिहासकार बाशम यांनी १९५१ सालच्या पुस्तकात मांडलंय, जरी त्या शब्दाच्या अर्थावर सगळ्यांचं एकमत नाही. मराठीत या सहा गुरूंबद्दल वाचायचं असेल तर धर्मानंद कोसंबींपासून सुरुवात करा.

चाक_आणि_माती

मला जायचंय तिथे. वडिलांना घेऊन. गुहेत आत चालायला किती आहे, गुडघ्याचा त्रास आहे त्यांना.

पायपीट

दादा, जरूर जा. पाटणा-गया लाइनवर मखदूमपूरला उतरलात तर तिथून जवळ पडतं, पण परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, संध्याकाळी काही मिळत नाही. बराबरच्या गुहांना थोड्याच पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांना जमतील, हळूहळू. गोपिका गुहेला मात्र बऱ्याच चढायला लागतात, ती सोडा. टॉर्च मोबाइलची पुरत नाही, मोठी न्या. आणि सुदामात आतल्या गोल खोलीत भिंतीवर बोटानं वाजवून बघा, तुमचे आजोबा मडकं वाजवायचे तसं. मला तेव्हा सुचलं नाही.